गिनीपिगच्या यकृतात राहून गेलेली एक पायरी

‘आम्ही काय गिनीपिग आहोत का?’ हे वाक्य मराठी माणूस अगदी सहज बोलतो. नवा अभ्यासक्रम आला की पालक म्हणतात, नवं औषध हातात पडलं की रुग्ण म्हणतो. पण ज्या प्राण्याचं नाव असं तोंडी बसलं आहे, तो प्रयोगशाळेत इतका कशासाठी लागला, हे फारसं कुणी विचारत नाही. कारणं अनेक आहेत. त्यातलं एक मात्र असं आहे, की ते आज शहरातल्या फ्लॅटमध्ये पिंजऱ्यात बसलेल्या प्रत्येक गिनीपिगच्या जगण्यामरण्याशी जोडलेलं आहे.

गोष्ट नॉर्वेची. राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जहाजांवरच्या खलाशांना एक आजार होत असे. पाय सुजत, दम लागे, माणूस मरूनही जाई. ‘जहाजावरचा बेरीबेरी’ असं त्याला म्हणत. विद्यापीठातले आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक ॲक्सेल होल्स्ट आणि बालरोगतज्ज्ञ थिओडोर फ्रोलिश यांनी त्याचा छडा लावायचं ठरवलं. आधी त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या पक्ष्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो, हे तोवर जावामधल्या डच डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. पण खलाशी म्हणजे पक्षी नव्हेत. सस्तन प्राणी हवा, म्हणून दोघांनी गिनीपिग आणले आणि त्यांना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला.

बेरीबेरी झालाच नाही. झालं ते भलतंच. काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दात हलू लागले, सांध्यांभोवती रक्त साकळलं, हाडं ठिसूळ झाली आणि प्राणी मेले. शवविच्छेदनात दिसलेलं चित्र माणसातल्या एका जुन्या रोगाशी तंतोतंत जुळत होतं. दीर्घ सागरी प्रवासात हजारो खलाशांचा बळी घेणारी ती स्कर्व्ही होती. त्याच आहाराबरोबर ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला, की प्राणी वाचत. १९०७ साली दोघांनी हे निष्कर्ष छापले. तोवर कुठल्याही प्राण्यात स्कर्व्ही घडवून आणता आलेली नव्हती, त्यामुळे ‘लिंबात नेमकं काय असतं’ हा प्रश्न प्रयोगाने तपासायची सोयच नव्हती.

इथे नशिबाचा भाग मोठा. होल्स्ट यांनी त्या दिवशी गिनीपिगऐवजी उंदीर घेतले असते, तर त्याच कोरड्या आहारावर त्यांना स्कर्व्ही कधीच झाली नसती. सशांनाही नाही, कुत्र्यांनाही नाही. प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या लहान प्राण्यांपैकी नेमका हाच एक, माणसाच्या दुबळेपणात वाटेकरी निघाला. पुढे १९३२ मध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या हंगेरीतल्या प्रयोगशाळेत त्यांनी वेगळा काढलेला पांढरा पदार्थ हेच क जीवनसत्त्व, असं सिद्ध झालं, तेही गिनीपिगवरच. १९३७ चं नोबेल सेंट-ज्यॉर्जींना मिळालं.

आता प्रश्न असा, की उंदराला जमतं ते गिनीपिगला का जमत नाही?

क जीवनसत्त्व हे नाव थोडं फसवं आहे. बहुतेक प्राण्यांच्या दृष्टीने ते जीवनसत्त्व नाहीच, शरीरात बनणारा एक साधा पदार्थ आहे. सस्तन प्राण्यांच्या यकृतात ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, हा कच्चा माल असतो. तिच्यात एकामागून एक छोटे बदल होत जातात, आणि शेवटच्या पायरीवर ‘गुलोनोलॅक्टोन’ नावाच्या पदार्थापासून क जीवनसत्त्व तयार होतं. ही शेवटची पायरी घडवून आणणारं एक एन्झाइम असतं. नाव लांबलचक आहे, ‘गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज’, म्हणून शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ‘ग्युलो’ म्हणतात. शेळी याच मार्गाने रोज काही ग्रॅम क जीवनसत्त्व सहज बनवते. म्हणून शेळीला लिंबू चाटवावं लागत नाही.

गिनीपिगच्या यकृतात आधीच्या पायऱ्या जागेवर आहेत. शेवटची तेवढी नाही. १९५७ मध्ये जे. जे. बर्न्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं, की माणूस, माकड आणि गिनीपिग या तिघांतही हरवलेली पायरी हीच आहे. जिलबीचं पीठ आंबवलं, पाक केला, कढई तापली आणि तळणारा आचारीच आला नाही, असा हा प्रकार. बाकीची सगळी तयारी वाया.

आचारी का आला नाही, याचं उत्तर जनुकात सापडलं. १९९२ मध्ये जपानी संशोधक मोरिमित्सु निशिकिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या पेशींतून ग्युलोच्या जनुकाचे अवशेष शोधून काढले. जनुक पूर्ण नाहीसं झालेलं नाही. ते मोडक्या अवस्थेत अजून तिथेच आहे. त्याचे काही तुकडे गळून पडलेत, उरलेल्यांत इतके बदल झालेत की त्यावरून चालतं एन्झाइम बनणं शक्य नाही. पडक्या वाड्याच्या जोत्यावरून इथे कधीकाळी चौक होता हे कळावं, तसं हे जनुक. बदलांची संख्या मोजून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की ही पडझड गेल्या दोन कोटी वर्षांच्या आतली असावी. माणसाच्या पूर्वजांनी हे जनुक त्याच्या कितीतरी आधी, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी गमावलं. म्हणजे माणूस आणि गिनीपिग यांना हा दोष एकाच पूर्वजाकडून मिळालेला नाही. दोन घराण्यांत दोन वेगवेगळे अपघात घडले, आणि परिणाम एकच झाला.

असे अपघात इतरत्रही झाले आहेत. कोणत्या प्राण्याला क जीवनसत्त्व बनवता येतं आणि कुणाला नाही, याचा पाठपुरावा कोलकात्याच्या आय. बी. चटर्जी या जैवरसायनशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं केला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी मांडलेल्या चित्रात बेडूक आणि सरडे हे काम मूत्रपिंडात करतात, सस्तन प्राणी यकृतात करतात, आणि आपल्या अंगणातल्या बुलबुलासारख्या काही पक्ष्यांना ते जमतच नाही. गिनीपिगचा अवाढव्य चुलतभाऊ कॅपिबारा, त्यालाही नाही.

इतकं महत्त्वाचं जनुक मोडलं, तरी प्राणी टिकला कसा? तर त्याचं जेवणच क जीवनसत्त्वाने भरलेलं होतं म्हणून. गिनीपिगचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या गवताळ भागांत राहतात आणि दिवसभर हिरवं गवत कुरतडतात. ताज्या, ओल्या पात्यात क जीवनसत्त्व असतं. एखाद्या पिलात ते जनुक बिघडलं, तरी त्याच्या जगण्यात काडीचाही फरक पडला नसणार. तोंडासमोर गवत होतंच. जनुकाचा बिघाड खपून गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या पसरला.

पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोरच्या डोंगराळ गावांत हा प्राणी काही हजार वर्षांपासून पाळला जातो, तोही खाण्यासाठी. तिथे त्याला ‘कुय’ म्हणतात. (आपल्याला गोजिरवाणा वाटणारा प्राणी तिथे सणावारी ताटात असतो, हे वाचून दचकायला होतं खरं.) जुन्या पद्धतीच्या घरात कुय स्वयंपाकघराच्या जमिनीवरच फिरतात आणि शेतातून कापून आणलेला ओला चारा, भाजीची देठं असं खात वाढतात. त्या गावांत क जीवनसत्त्वाचा विचार कुणी वेगळा करत नाही, कारण ते चाऱ्यातूनच मिळतं. पण मांसासाठी मोठ्या प्रमाणावर कुय वाढवणारे जेव्हा ओला चारा बंद करून फक्त गोळी खाद्यावर येतात, तेव्हा त्यांना त्या खाद्यात क जीवनसत्त्व मुद्दाम मिसळावं लागतं. फ्लॅटमधल्या पिंजऱ्याचं गणित नेमकं हेच आहे. ओलं गवत गेलं, त्याबरोबर जीवनसत्त्वही गेलं. ते परत आणायचं काम पाळणाऱ्याचं.

ते आणलं नाही, तर काय होतं?

शरीरात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडांचा सांगाडा, सांध्यांचे बंध, दात जबड्यात धरून ठेवणारे तंतू, या सगळ्याला ताकद देणारा दोर तो हाच. तीन पदर पिळून हा दोर वळला जातो. पदर एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून त्यांच्यावर ठिकठिकाणी रासायनिक गाठी माराव्या लागतात, आणि गाठी मारणारी एन्झाइमं क जीवनसत्त्व नसेल तर थंडावतात. मग नवा दोर सैल वळला जातो. जुना झिजतच असतो. बारीक रक्तवाहिन्या थोड्याशा ताणानेही फुटतात. गुडघ्यांत आणि हाडांच्या आवरणाखाली रक्त उतरतं, म्हणून प्राण्याला हात लावला तरी तो किंचाळतो. गिनीपिगचे सगळेच दात जन्मभर वाढत राहतात. त्यांना धरणारे तंतू ढिले पडले की दात हलतात, वाकडे झिजतात, एकमेकांवर नीट बसत नाहीत. मग खाणं दुखतं, खाणं घटतं, आणि आहारातून येणारं थोडंफार जीवनसत्त्वही बंद होतं.

माणसात स्कर्व्हीची लक्षणं दिसायला महिना ते तीन महिने लागतात. गिनीपिगमध्ये दोन-तीन आठवडे पुरतात. शरीरातला साठा लवकर संपतो आणि गरजही मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं. साठ किलोच्या माणसाच्या हिशोबाने ते दर किलोला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास येतं. गिनीपिगला दर किलोला किमान १० मिलिग्रॅम लागतं. गाभण मादीला तर ३०.

आता एका साध्या, पण वारंवार घडणाऱ्या चुकीकडे येऊ. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ससे आणि गिनीपिग शेजारीशेजारीच असतात. दोघंही गवत खातात, दोघांच्याही गोळ्या एकसारख्याच दिसतात, आणि दुकानदार बऱ्याचदा सशाची पिशवी पुढे करतो. सशासाठी ती ठीक असते. ससा आपलं क जीवनसत्त्व आपल्या यकृतात बनवतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घालायची निर्मात्याला गरज नसते. समजा, त्या पिशवीवर एक गिनीपिग घरी आला. वजन ९०० ग्रॅम. घरातली मंडळी हौशी आहेत, गोळ्यांच्या जोडीला रोज काकडीच्या चार चकत्या आणि गाजराचा तुकडा देतात. भाजी दिसते ताजी आणि खातोही आवडीने. सगळ्यांना वाटतं, झालं की.

पण हिशोब करून पाहू. या प्राण्याची किमान गरज ९ मिलिग्रॅम. आजारपण, ताण, वाढतं वय यांची सोय म्हणून २० ते २५ मिलिग्रॅम रोज पोटात जावं, असं धरणं शहाणपणाचं. शंभर ग्रॅम गाजरात क जीवनसत्त्व असतं सुमारे ६ मिलिग्रॅम, काकडीत तर ३. म्हणजे २० मिलिग्रॅम गाठायला त्याने रोज सव्वातीनशे ग्रॅम गाजर खायला हवं, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. काकडीचं गणित तर करूच नये.

पहिला आठवडा सुखाचा जातो. दुसऱ्यात अंगावरचे केस जरा विस्कटलेले दिसतात, पण उन्हाळा आहे म्हणून कुणी लक्ष देत नाही. तिसऱ्यात तो आधीसारखा पिंजराभर धावत नाही. भाजीची पिशवी वाजली की शीळ घालणारा हा प्राणी आता जागच्या जागी गोळा होऊन बसतो. पुढे यायचं झालंच तर मागचे पाय ओढल्यासारखे टाकतो. मुलाने उचलायला हात घातला की किंचाळतो. घरच्यांना वाटतं, पाय मुरगळला असणार, पडला असेल कुठून तरी. खरं म्हणजे गुडघ्यात रक्त उतरलेलं असतं. हिरड्या पाहिल्या तर लालसर सुजलेल्या, कधी तोंडाशी रक्ताचा डाग, कधी पातळ शी, आणि तोंड उघडायला नको म्हणून ताटातलं उरलेलं.

इथवर आलेल्या प्राण्याला ढोबळी मिरचीचा तुकडा देऊन भागत नाही. पशुवैद्याकडे न्यावंच लागतं. ते क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा, पुष्कळदा आधी इंजेक्शनने, काही दिवस देतात, आणि दातांची हानी झालेली नसेल तर साधारण आठवड्यात फरक दिसू लागतो. हेही लक्षात ठेवायला हवं, की खाणं सोडलं म्हणजे स्कर्व्हीच, असं नाही. दातांचे इतर आजार, मूतखडा, न्यूमोनिया यांतही गिनीपिग असाच गुपचूप बसतो. घरी क जीवनसत्त्वाची गोळी चारून ‘बघू दोन दिवस’ म्हणण्यात धोका असतो, कारण गिनीपिगचं आतडं सतत भरलेलं आणि हलतं राहावं लागतं. एक दिवस काही खाल्लं नाही, तरी ते थांबू शकतं.

मग रोज द्यायचं काय?

पाया वाळलेल्या गवताचा. थोडंथोडकं नव्हे, चोवीस तास, संपेल तसं भरायचं. रोज त्याच्या अंगाच्या आकाराएवढा ढीग निघाला तर नवल नाही. गवतात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, वाळवताना ते उडून जातं. तरीही गवताला पर्याय नाही, कारण जन्मभर वाढणारे दात झिजवायला आणि आतडं चालतं ठेवायला लांब धागेदार चारा लागतो. परदेशी पुस्तकांत टिमोथी गवताचं नाव सर्रास येतं, इथे ते आयात केलेलं आणि महाग मिळतं. पण गणपतीला वाहतो त्या दूर्वा, म्हणजे हरळी, हेच गवत बाहेरच्या देशांत ‘बर्म्युडा’ या नावाने वाळवून विकलं जातं, आणि गिनीपिग ते ओलंही आवडीने खातो. फक्त ते फवारणी न झालेल्या, कुत्र्यांचा वावर नसलेल्या जागेचं असावं. भाताचा पेंढा बसायला ठीक, पोटाला निकस. ज्वारीचा ओला, कोवळा चारा तर देऊच नये. तो गुरांनाही बाधतो, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

लसूणघासाचा मोह मात्र आवरावा. त्यात कॅल्शियम भरपूर. सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना आणि गाभण मादीला ते उपयोगी पडतं; प्रौढ गिनीपिगमध्ये जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात खडे बनतात. शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व चांगलं असतं, पण कॅल्शियमही तितकंच, म्हणून तो क्वचित. पालकाचं तसंच, त्यात ऑक्झलेट असतं.

दुसरा भाग ताज्या भाजीचा, आणि क जीवनसत्त्वाचा खरा भार इथेच उचलला जातो. इथे साधी ढोबळी मिरची बाकी सगळ्यांना मागे टाकते. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. म्हणजे २५ ते ३० ग्रॅमचा तुकडा, मध्यम मिरचीची साधारण एक चतुर्थांश फोड, आपल्या ९०० ग्रॅमच्या गिनीपिगची दिवसाची सोय करते. लाल आणि पिवळीत जीवनसत्त्व आणखी जास्त, पण साखरही जास्त. रोजच्यासाठी हिरवी बरी. देठ काढावा. चिरलेली ठेवून देऊ नये, द्यायच्या वेळीच चिरावी. शिजवू तर मुळीच नये.

तिच्या जोडीला कोथिंबिरीच्या चार-पाच काड्या, फ्लॉवरचं एखादं पान, लेट्यूसची गडद हिरवी पानं असं मिळून रोज वाटीभर. कोबी आठवड्यातून एखाद-दोनदा, तीही थोडी, नाहीतर पोट फुगतं. पेरूत क जीवनसत्त्व ढोबळी मिरचीच्या दुपटीहून अधिक असतं, पण तो गोड. बोटाच्या पेराएवढी फोड, आठवड्यातून दोनदा पुरे. आवळा तर त्याहूनही पुढे; पण त्याची चव पुष्कळ गिनीपिगना रुचत नाही, आणि तो वर्षभर ताजा मिळतही नाही. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला यांना पिंजऱ्यात जागा नाही. नवी भाजी एकदम वाटीभर घालू नये. पहिल्या दिवशी एक तुकडा, मग दोन, असं आठवडाभरात वाढवत न्यावं. आतड्यातले जिवाणू अचानक बदल सोसत नाहीत, आणि गिनीपिगला ओकताही येत नाही.

तिसरा भाग गोळ्यांचा, सर्वांत छोटा. दिवसाला दोन मोठे चमचे, साधारण १५ ते २० ग्रॅम, आणि गोळ्या गिनीपिगसाठीच बनवलेल्या असाव्यात. पिशवीवर किलोमागे ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असं छापलेलं असेल, तर २० ग्रॅम गोळ्यांतून कागदावर १० मिलिग्रॅम मिळतात. कागदावर म्हणायचं कारण असं, की साधं क जीवनसत्त्व उष्णतेने, दमटपणाने, उजेडाने आणि हवेने विरत जातं. गोळ्या बनवल्यापासून तीन महिन्यांत वापराव्यात, हा नियम थंड, कोरड्या जागेत ठेवलेल्या पिशवीचा आहे. मुंबईच्या पावसाळ्यात गच्चीला लागून असलेल्या खोलीत तो लागू पडेल असं समजणं भाबडेपणाचं. काही निर्माते टिकाऊ केलेलं क जीवनसत्त्व वापरतात. तसं पिशवीवर लिहिलेलं असतं. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेतली जाते, आणि सहा महिने पुरवली जाते. तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांत गिनीपिग केवळ भुसा चघळत असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून गोळ्यांना वरकमाई समजावं आणि मिरचीला मूळ उत्पन्न.

पाण्यात टाकायच्या थेंबांची बाटलीही याच दुकानात मिळते. ती घेऊन जाणाऱ्याला आपण फार काळजी घेतो असं वाटतं, पण तो उपाय निकामी आहे. क जीवनसत्त्व पाण्यात वेगाने विरतं. बाटलीला उजेड लागला, नळीत धातू असला की आणखी लवकर. शिवाय प्राणी किती पाणी प्यायला, याचा हिशोब लागत नाही, आणि चव बदललेली आवडली नाही तर तो पाणीच कमी पितो. खरंच वेगळी मात्रा द्यायची वेळ आली, म्हणजे आजारपणात किंवा गाभणपणात, तर पशुवैद्यांनी सांगितलेलं प्रमाण सुई काढलेल्या सिरिंजने थेट तोंडात द्यावं. नुसतं क जीवनसत्त्व द्यावं, ‘मल्टिव्हिटॅमिन’ नव्हे. जास्तीचं क लघवीवाटे जातं, पण अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठतात आणि त्यांचा अतिरेक अपाय करतो.

दिवसाचं वेळापत्रक यातून आपोआप बसतं. गिनीपिग पहाटे आणि संध्याकाळी जास्त चळवळ्या असतो. सकाळी गवताचा ढीग आणि गोळ्यांचे दोन चमचे, पाण्याची बाटली रोज धुऊन भरायची. संध्याकाळी धुतलेली भाजी, त्यात मिरचीची फोड आधी. दोन गिनीपिग असतील तर दोन वाट्या, नाहीतर दांडगा दोघांची मिरची खातो आणि दुसरा उपाशी आहे हे महिनाभर कळत नाही. दोन-तीन तासांनी उरलेली भाजी काढून टाकायची. उन्हाळ्यात ती लगेच आंबते.

आणि एक काटा. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा. दर रविवारी त्याच वेळी वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेखाली लिहून ठेवायचं. प्रौढ मादी साधारण ७०० ते ९०० ग्रॅमची, नर ९०० ते १२०० ग्रॅमचा. गिनीपिग हा भक्ष्य प्राणी आहे. दुखणं शेवटपर्यंत लपवायचं, ही त्याची जन्मजात सवय. केस विस्कटायच्या आधी, पाय ओढायच्या आधी, आकडा घसरू लागतो. एका आठवड्यात पन्नास ग्रॅम घटलं तर गवत, मिरची, दात, शी, सगळं तपासावं. शंभर ग्रॅम घटलं, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं, आणि जाताना खाद्याची पिशवी सोबत घ्यावी. तिच्यावरची उत्पादनाची तारीख आणि ती गिनीपिगसाठी आहे की सशासाठी, हे डॉक्टर बहुधा आधी विचारतात.